डायलिसिसच्या खुर्चीवर ऐकायची दहा मिनिटं: एका ध्वनिफितीच्या संहितेचं प्रकरण

महाराष्ट्रातल्या एका मध्यम शहरातला डायलिसिस विभाग. खोलीत टेकून बसायच्या खुर्च्यांची रांग, प्रत्येकीशेजारी एक मशीन. इथल्या पेशंटना आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास बसावं लागतं. विभागाची मागणी साधी होती: मराठीत, मोबाइलवर ऐकता येईल अशी दहा मिनिटांची शिथिलीकरणाची ध्वनिफीत हवी. बसल्या जागी अंग आखडतं, सुया टोचतानाची भीती नंतरही उतरत नाही, आणि वेळ सरता सरत नाही, हे सगळ्या पेशंटचं म्हणणं होतं.

पहिला मसुदा नेहमीच्या साच्यातला होता. लांब श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. मुठी घट्ट आवळा, मग सैल सोडा. पायाची बोटं ताणा. वाहत्या झऱ्याचा आवाज ऐका. शेवटी दोन्ही हात डोक्यावर ताणून आळस द्या. योगवर्गाच्या सतरंजीवर यातलं काहीच चुकीचं नाही. डायलिसिसच्या खुर्चीवर मात्र यातली जवळजवळ प्रत्येक सूचना अडचणीची ठरते. ती का, हे समजलं की नवी संहिता कशी लिहायची हेही बरंचसं कळतं.

मसुद्यात काय बदललं आणि का

सगळ्यात आधी हात. बहुतेक पेशंटच्या एका हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने धमनीला जोडलेली शीर, असतो आणि त्यात दोन सुया असतात. एकीतून रक्त मशीनकडे जातं, दुसरीतून शुद्ध होऊन परत येतं. मिनिटाला सुमारे ३०० मिलिलिटर वेगाने रक्त फिरत असताना परतीची सुई निसटली, तर थोड्याच मिनिटांत गंभीर रक्तस्राव होतो, आणि मशीनचा अलार्म दर वेळी वाजेलच असं नाही. म्हणून तो हात हलवायचा नसतो आणि झाकायचाही नसतो. सुयांची जागा सिस्टरना दुरूनही दिसली पाहिजे. मूठ आवळा, हात ताणा, चादर अंगावर ओढून घ्या, या तिन्ही सूचना म्हणून गेल्या. खोलीत गारवा असतो आणि डायलिसिसवर थंडी वाजतेच, त्यामुळे माणूस डोळे बंद करण्याआधी आपोआप हात चादरीत घेतो. संहितेने तसं करू नका असं स्पष्ट सांगायला हवं, आणि तेही सुरुवातीलाच.

दुसरी गोष्ट पोटऱ्यांची. स्नायू आधी आवळायचा आणि मग सोडायचा, ही पद्धत अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडली. ती चांगली चालते, कारण ताण आणि सैलपणा यातला फरक लगेच जाणवतो. पण डायलिसिसमध्ये शरीरातलं पाणी काढलं जात असतं आणि त्यामुळे पायात गोळे येणं नेहमीचं आहे, विशेषतः उत्तरार्धात. अशा वेळी पाऊल खाली ताणलं की पोटरीत गोळा आलाच म्हणून समजा. त्यामुळे या संहितेत कुठेही काही आवळायचं नाही, फक्त सोडायचं. याची किंमत आहे: ज्यांना आपण आखडलोय हेच कळत नाही, त्यांना नुसत्या सोडण्याने कमी फरक वाटतो. ती किंमत इथे मान्य करावी लागते.

हात जड होतोय, गरम होतोय, ही वाक्यंही काढली. ती जर्मन डॉक्टर योहान्स शुल्ट्झ यांच्या पद्धतीतून आलेली आहेत आणि एरवी उपयोगी पडतात. पण फिस्टुलाचा हात गरम लागला, सुन्न किंवा जड वाटला तर लगेच सांगा, असं या पेशंटना पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं. तेच शब्द शांत आवाजात ऐकवले, तर शिकवलेली खबरदारी बोथट तरी होईल किंवा माणूस घाबरून डोळे तरी उघडेल.

मग पाणी. झरा, नदी, समुद्र, पावसाची सर, शिथिलीकरणाच्या ध्वनिफितींमध्ये हे हमखास असतं. इथे ऐकणाऱ्यांना दिवसाला किती पाणी प्यायचं याची मर्यादा घालून दिलेली असते, आणि तहान हा त्यांचा रोजचा झगडा असतो. त्यांच्या कानात खळखळतं पाणी सोडणं क्रूरपणाचं आहे. त्याऐवजी दुसरं दृश्यही घेतलं नाही. अंगण, मंदिर, शेत यातलं कुणाला काय आठवेल याचा भरवसा नसतो, आणि शेत म्हटलं की कुणाला उपचारासाठी विकावं लागलेलं शेत आठवू शकतं. पाठ आणि डोकं जिथे टेकलं आहे तिथे लक्ष नेणं जास्त सुरक्षित. ती जागा प्रत्येकाकडे असते.

शब्दांचीही छाननी लागली. मसुद्यात श्वासाच्या भागाचा शेवट ‘आता शेवटचा श्वास घ्या’ असा होता. लिहिणाऱ्याच्या मनात मोजणी होती, पण रुग्णालयाच्या खुर्चीवर ते वाक्य ऐकवण्यासारखं नाही. ‘देह सोडून द्या’ हेही त्याच कारणाने गेलं, आणि ‘डोळे मिटा’च्या जागी ‘डोळे अलगद बंद करा’ आलं. शरीरातली घाण बाहेर निघते आहे, अशी एक कल्पनाही मसुद्यात होती. ती ऐकून पेशंटचं लक्ष पुन्हा नळ्यांकडे जातं, म्हणून तीही वगळली.

श्वासाचा वेग

सर्वसाधारण प्रौढ माणूस बसल्या जागी मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. शिथिलीकरणात तो सहापर्यंत खाली आणायची पद्धत आहे, म्हणजे चार सेकंद आत आणि सहा सेकंद बाहेर. डायलिसिसच्या आधी दोन-तीन दिवस साठलेलं पाणी अंगात असतं, काहींना ते छातीत जाणवतं, आणि आडवं झाल्यावर धाप लागते. अशा माणसाला दहा सेकंदांचा श्वास लादला की तो दोन श्वास कसेबसे पाळतो आणि तिसऱ्याला हवा ओढतो. मग त्याला आपल्याला हे जमत नाही असं वाटतं, आणि जे उतरायला हवं होतं तेच वाढतं.

इथे पहिले दोन श्वास तीन सेकंद आत आणि चार सेकंद बाहेर, असे ठेवले. पुढचे चार श्वास तीन आत आणि पाच बाहेर. म्हणजे वेग मिनिटाला साधारण आठ. श्वास रोखायचा कुठेच नाही. बाहेर जाणारा श्वास थोडा लांबवणं एवढंच काम आहे, कारण नाडी मंदावते ती त्याच वेळी. सहाच्या वर मार्गदर्शित श्वास घेतले नाहीत. खोलीतल्या प्रत्येकाची लय वेगळी असते, आणि परक्या लयीत फार वेळ चालणं दमवणारं असतं. सहा झाले की ज्याचा त्याचा श्वास त्याच्याकडे सोपवायचा.

सूचना श्वासात कुठे पडते हेही महत्त्वाचं. ‘श्वास आत’ हे शब्द आत घेण्याच्या पहिल्या सेकंदात यायला हवेत आणि उरलेला वेळ शांतता हवी. ‘आता हळूहळू नाकाने खोल श्वास आत घ्या’ एवढं लांब वाक्य वापरलं तर ते संपेपर्यंत ऐकणाऱ्याचा श्वास घेऊन झालेला असतो, आणि त्याला तो रोखून थांबावं लागतं.

वेळेचा हिशोब

दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद. एरवी मराठी बोलताना मिनिटाला ११०-१२० शब्द सहज जातात. इथे ८० धरले, म्हणजे एका शब्दाला पाऊण सेकंद. खालच्या संहितेत श्वासाच्या सूचना धरून साधारण ३५० शब्द आहेत. त्यांना सुमारे साडेचार मिनिटं लागतात आणि उरलेली साडेपाच मिनिटं शांतता आहे. मसुद्यात ८०० शब्द होते. ते दहा मिनिटांत बसवायला वाचणाऱ्याला एकही विराम न घेता वाचावं लागलं असतं.

गोल कंसातला आकडा म्हणजे तेवढे सेकंद विराम. श्वासाच्या भागात चौकोनी कंसातला आकडा मात्र त्या सूचनेचा पूर्ण वेळ दाखवतो, बोललेले शब्द धरून.

संहिता

*सुरुवात, ०:०० ते १:१५*

नमस्कार. पुढची दहा मिनिटं फक्त निवांत बसायचं. (४) मी सांगेन ते जमेल तेवढं करा. नाही जमलं तरी चालेल. (४) सुया लावलेला हात जसा आहे तसाच ठेवा. तो हलवायचा नाही, चादरीखाली घ्यायचा नाही. (४) मशीनचे आवाज येत राहतील. सिस्टर जवळपासच आहेत. (३) मध्येच काही त्रास वाटला, तर डोळे उघडा आणि लगेच हाक मारा. (५) आता डोळे अलगद बंद करा. उघडे ठेवावेसे वाटले, तर समोर एका जागी नजर टेकू द्या. (६)

*टेकण, १:१५ ते २:३०*

डोकं उशीवर टेकलेलं आहे. (४) उशीला ते पेलू द्या. (५) पाठ खुर्चीला टेकलेली आहे. जिथे जिथे टेकली आहे, ती जागा जाणवू द्या. (६) कंबर. मांड्या. (५) पोटऱ्या आणि टाचा. (६) खालची खुर्ची तुमचं सगळं वजन पेलते आहे. तुम्हाला काही धरून ठेवायला नको. (७) कानावर येणारा आवाज येऊ द्या. तो आला, तसाच जाईलही. (७)

*श्वास, २:३० ते ४:३०*

आता श्वासाकडे लक्ष जाऊ द्या. (४) मोठा श्वास घ्यायचा नाही. रोजचाच श्वास, फक्त थोडा संथ. (५) जमलं तर नाकाने घ्या. (३) माझ्याबरोबर सहा वेळा. (३)

श्वास आत [३] सावकाश बाहेर [४]
श्वास आत [३] सावकाश बाहेर [४]
श्वास आत [३] सावकाश बाहेर [५]
श्वास आत [३] सावकाश बाहेर [५]
श्वास आत [३] सावकाश बाहेर [५]
श्वास आत [३] सावकाश बाहेर [५]

आता माझ्या आवाजामागे यायला नको. तुमचा श्वास तुमच्या लयीत चालू द्या. (१२) श्वास बाहेर जाताना खांदे किंचित खाली येतात. तेवढंच जाणवू द्या. (१६)

*सैलावणं, ४:३० ते ७:३०*

आता एकेक जागा सैल करत जाऊ. आवळायचं काही नाही, फक्त सोडायचं. (५)

कपाळ. भुवयांच्या मधली आठी सैल होऊ द्या. (८) डोळ्यांभोवतीची जागा. (६) जबडा. दात एकमेकांवर टेकलेले असतील, तर किंचित विलग होऊ द्या. जीभ तोंडात खाली निवांत राहू द्या. (१०)

गळा. मान जशी आहे तशीच, फक्त आतून सैल. (६) खांदे. श्वास बाहेर जाताना खांदे कानांपासून दूर, खाली. (१०) आणखी एकदा. श्वास बाहेर, खांदे खाली. (८)

मोकळा हात. दंड, कोपर, मनगट. तळवा. बोटं जशी पडली आहेत तशीच राहू द्या. (१०) सुया लावलेला हात जिथे आहे, तिथे ठीक आहे. तो उशीवर टेकलेला आहे, एवढंच. (८)

छाती. पोट. श्वासाबरोबर पोट वर येतं, खाली जातं. (१०) मांड्या. गुडघे. (७) पोटऱ्या. ताणायच्या नाहीत, जशा आहेत तशा सैल. (८) पावलं. (८)

*शांत वेळ, ७:३० ते ९:००*

आता थोडा वेळ मी गप्प राहीन, मग पुन्हा बोलेन. (३) विचार येतील. आले तर येऊ द्या, आणि पुन्हा श्वास बाहेर जाताना जाणवू द्या. (२२) श्वास आत, श्वास बाहेर. (२५) अजून थोडा वेळ असंच. (१७)

*परत येणं, ९:०० ते १०:००*

आता हळूहळू परत येऊ. (४) खोलीतले आवाज ऐकू येऊ द्या. (४) मोकळ्या हाताची बोटं हलकेच हलवा. दुसरा हात तसाच. (५) पाय ताणू नका, जसे आहेत तसे राहू द्या. (४) एक श्वास आत, आणि बाहेर. (५) डोळे बंद असतील, तर हळूच उघडा. (४) उठायचं नाही, कुठे जायचं नाही. इथेच निवांत बसून राहा.

संहितेतल्या काही जागांबद्दल

क्रम डोक्याकडून पायांकडे ठेवला आहे. शवासनात बरेचदा पायाच्या बोटांपासून सुरुवात होते, पण इथे पाय ही काळजीची जागा आहे. सुरुवातीलाच लक्ष तिकडे नेलं, तर माणूस गोळा येतोय का याचीच चाचपणी करत बसतो. कपाळ आणि जबडा सैल करणं सोपं असतं आणि फरक लगेच कळतो, म्हणून तिथून सुरुवात.

सुयांच्या हाताचा उल्लेख तीन वेळा येतो. सुरुवातीला सूचना म्हणून, मध्ये अवयवांच्या ओळीत, आणि शेवटी बोटं हलवताना. मधला उल्लेख वगळावासा वाटतो, कारण त्या हाताकडे लक्ष वेधायचं नसतं. पण एका हाताची बोटं, तळवा, मनगट इतकं सगळं झाल्यावर दुसऱ्या हाताचं नावच घेतलं नाही, तर ऐकणारा मनातल्या मनात तेच तिकडे करतो, आणि बोटं हलतात. ‘जिथे आहे, तिथे ठीक आहे’ हे वाक्य त्या हाताला सामावून घेतं आणि त्याच्याकडून काहीच मागत नाही.

शांत वेळेत सर्वात मोठा विराम २५ सेकंदांचा आहे. मसुद्यात तो सलग ९० सेकंदांचा होता आणि ऐकणारे डोळे उघडून मोबाइलकडे पाहत होते. ध्वनिफीत संपली की बंद पडली हे कळत नसेल, तर शांतता शांतता राहत नाही. म्हणून आधी ‘मग पुन्हा बोलेन’ हे सांगितलं आणि मधे चार शब्दांचा आधार ठेवला.

रेकॉर्डिंग

या विभागात एकाच कानात इअरफोन घालायचा, दुसरा कान अलार्मसाठी आणि सिस्टरच्या हाकेसाठी मोकळा ठेवायचा, असा नियम केला. त्यामुळे ध्वनिफीत मोनो असणं अनिवार्य झालं. स्टिरिओमध्ये काही आवाज डावीकडे, काही उजवीकडे जातो, आणि एका कानाने ऐकणाऱ्याला अर्धीच गोष्ट पोहोचते. मागे संगीत नाही. मशीनची घरघर आणि तंबोऱ्याचा सूर एकमेकांत मिसळले की नुसता कोलाहल होतो. इअरफोन ज्याचा त्याने घरून आणायचा, विभागातला एक सगळ्यांनी वापरायचा नाही.

वाचणाऱ्याने माइक तोंडापासून एक वीत आणि किंचित बाजूला ठेवावा. समोर धरला की प, फ, भ या अक्षरांना फुंकर बसते, आणि ‘पोट’, ‘पोटऱ्या’, ‘पावलं’ हे शब्द इअरफोनमध्ये कानठळ्या बसवतात. वाचण्याआधी त्याच खोलीत, पंखा बंद करून, एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवायची. संकलनात विराम वाढवताना हाच तुकडा वापरायचा. विरामाच्या जागी आवाज पूर्ण शून्य केला, तर खोलीची ती बारीक सळसळ अचानक तुटते आणि ऐकणारा दचकतो.

मोबाइलवर रेकॉर्ड करताना आणखी एक गोची होते. काही ॲप आवाजाची पातळी आपोआप सांभाळतात. बोलणं थांबलं की ते पातळी वाढवत नेतात, पाच-सहा सेकंदांत खोलीची सळसळ वाऱ्यासारखी फुगते, आणि पुढचा शब्द आला की दबते. इतक्या विरामांच्या ध्वनिफितीत हे प्रत्येक वाक्याला घडतं. पातळी हाताने ठरवता येईल असं ॲप घ्यावं किंवा साधा रेकॉर्डर वापरावा.

विराम सहसा वाचतानाच कमी पडतात. वाचणाऱ्याला पाच सेकंदांची शांतता अवघडून टाकते आणि तो तिसऱ्या सेकंदालाच पुढचं वाक्य उचलतो. म्हणून श्वासाचा भाग सोडून बाकी सगळं सलग वाचून घ्यायचं आणि विराम संकलनात, घड्याळ लावून घालायचे. श्वासाचा भाग मात्र वाचणाऱ्याने स्वतः श्वास घेत, सलग रेकॉर्ड करावा, कारण तिथली लय कापून जोडली की कृत्रिम होते. तिथे एक काळजी घ्यावी लागते. वाचणारा ‘सावकाश बाहेर’ म्हणण्याआधी दम घेत असेल, तर तो आत जाणारा श्वास ऐकू येतो आणि ऐकणाऱ्याला उलटी सूचना मिळते. वाचणाऱ्याने ‘श्वास आत’ म्हटल्याबरोबर आपला श्वास आत घ्यायचा आणि पुढची सूचना त्याच्या बाहेर जाणाऱ्या श्वासावर बोलायची.

कधी लावायची, कधी नाही

ही संहिता ज्या खुर्चीसाठी आहे तिथे सर्वात अवघड गोष्ट वेगळीच आहे. डायलिसिस चालू असताना रक्तदाब उतरू लागला की माणूस जांभया देतो, गप्प होतो, मलूल दिसतो, डोळे मिटून पडतो. शिथिलीकरण नीट झालेला माणूसही अगदी असाच दिसतो. दोन खुर्च्यांवर दोन शांत चेहरे असतील, तर कोणता निवांत आहे आणि कोणाला मदत हवी आहे हे नुसतं बघून सांगता येत नाही.

म्हणून वेळ ठरवावी लागली. सुया लागून, नळ्या तपासून, पहिला अर्धा तास नीट गेल्यावर आणि दुसरा तास संपण्याच्या आत ध्वनिफीत लावायची. शेवटच्या तासात, जेव्हा दाब उतरणं आणि गोळे येणं जास्त होतं, तेव्हा नाही. खाल्ल्यानंतर लगेचही नाही, कारण जेवणानंतर दाब आणखी उतरू शकतो. लावण्याच्या अगदी आधी रक्तदाब मोजायचा आणि संपल्यावर पुन्हा. याचा दुसरा फायदा असा, की दर अर्ध्या तासाला आपोआप फुगणारा दाबाचा पट्टा या दहा मिनिटांत फुगत नाही. सैलावण्याच्या भागात दंडाला अचानक कुणीतरी आवळलं, की तोवरची सगळी मेहनत वाया जाते.

ध्वनिफीत चालू असताना जांभया येणाऱ्या पेशंटला झोप लागते आहे असं समजून सोडून द्यायचं नाही, हे सिस्टरना आधी सांगून ठेवावं. कपाळावर घाम, मळमळ, चक्कर, पोटरीत आवळल्यासारखं होणं, सुईजवळ दुखणं किंवा ओलसर लागणं, यातलं काहीही झालं तर ध्वनिफीत थांबवायची. हीच यादी पेशंटला इअरफोन घालण्याआधी सिस्टरने तोंडी सांगायची. संहितेत तिच्यासाठी ‘काही त्रास वाटला’ एवढंच ठेवलं आहे, कारण शांत आवाजात लक्षणांची यादी वाचली की ती लक्षणं शोधत बसण्यातच दहा मिनिटं जातात.

काही जणांना डोळे बंद केले की उलट जास्त अस्वस्थ वाटतं. छातीचे ठोके मोठ्याने ऐकू येतात, मन भरकटतं. हे दिसतंही: पापण्या थरथरतात, मोकळा हात खुर्चीचा दांडा धरतो, श्वासाच्या भागात सूचनांच्या मधेच एखादा मोठा उसासा येतो. अशांना श्वासाचा भाग वगळून, डोळे उघडे ठेवून, फक्त टेकण आणि सैलावणं ऐकू द्यावं. त्यासाठी ध्वनिफितीचे सहा भाग वेगळे साठवलेले बरे. तरीही नको वाटलं, तर आग्रह करू नये. त्यांच्यासाठी शेजारच्या खुर्चीशी गप्पा मारणं जास्त गुणाचं असतं.

ज्यांना फिस्टुला नाही आणि मानेजवळ बसवलेल्या नळीतून डायलिसिस होतं, त्यांच्यासाठी दुसरी प्रत करावी लागली. तिच्यात सुरुवातीचं वाक्य ‘नळी लावलेली बाजू जशी आहे तशीच ठेवा, तिला हात लावायचा नाही’ असं होतं. सैलावण्यात गळा आणि मान पूर्ण वगळून जबड्यावरून थेट खांद्यांवर जायचं, आणि खांद्यांची सूचना दोनदा न देता एकदाच, ‘खांदे जसे आहेत तसे सैल’ एवढीच. सुयांच्या हाताची दोन वाक्यं काढून तिथे ‘दुसरा हातही तसाच निवांत’ हे आलं, आणि शेवटी ‘मोकळ्या हाताची बोटं’ऐवजी ‘दोन्ही हातांची बोटं’ घेऊन ‘दुसरा हात तसाच’ हे वगळलं. वाचलेले सेकंद शांत वेळेत न घालता पोट आणि मांड्यांच्या विरामांत वाटले, म्हणजे मधली सलग शांतता २५ सेकंदांच्या वर गेली नाही. दोन्ही फायलींच्या नावात ‘हात’ आणि ‘मान’ असं स्पष्ट लिहिलं, आणि पेशंटच्या मोबाइलवर त्याला लागू असलेली एकच फाईल पाठवली.